ठेवायचा कोणता, काढायचा कोणता?

फोनची मेमरी भरली की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड व्हॉट्सॲपच्या फोल्डरवर पडते. सकाळचे गुलाब, संक्रांतीचे तिळगूळ, सोसायटीच्या नोटिसा, आणि त्यांच्याबरोबर घरचे फोटोही. ‘ते कॅमेऱ्यात आहेतच की’ असं म्हणून सगळं सिलेक्ट करून उडवलं जातं. बऱ्याचदा ते कॅमेऱ्यात असतातही. पण भाच्याने काढलेला फोटो तुमच्या कॅमेऱ्यात कधीच नव्हता, तो फक्त व्हॉट्सॲपवरून आला होता. भाच्याचा तो फोन पुढे एक्स्चेंजमध्ये गेला असेल, तर तुमच्याकडची दीडशे केबीची प्रत हीच शेवटची.

एकसारखे फोटो शोधून देण्याचं काम संगणक आता चोख करतो, तेही फुकट. अडचण त्याच्या पुढची आहे. पाच सारख्या फोटोंमधला ठेवायचा कोणता, हे त्याला कळत नाही, आणि तरीही तो बाकीच्या चारांवर बरोबरची खूण करून तुमच्यासमोर ठेवतो. ‘डिलीट’ दाबायचं तेवढं आपल्याकडे उरतं.

नेमकं काय होतं ते एका घराच्या उदाहरणाने पाहू. समजा, १७ मार्च २०१९ च्या रविवारी आजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. लेकीने तिच्या फोनवर फोटो काढले, भाच्याने त्याच्या फोनवर काढले, आणि रात्री-दुसऱ्या दिवशी सगळे घरच्या ग्रुपवर आले. त्यानंतर लेकीने दोनदा फोन बदलला. प्रत्येक वेळी सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, एकदा घाईत पेन ड्राइव्हवरही. आता घरी एक हार्ड डिस्क आहे, तिच्यावर ‘फोटो’, ‘फोटो नवीन’, ‘जुना फोन’ आणि ‘जुना फोन २’ अशी फोल्डर आहेत, आणि त्या रविवारचा एकेक फोटो चार-पाच ठिकाणी आहे.

यात पहिला घात आवराआवर सुरू होण्याआधीच होऊ शकतो. सगळं एका जागी असावं म्हणून माणूस सगळी फोल्डर एकाच फोल्डरमध्ये ओततो. विंडोज मध्येच विचारतं की या नावाची फाइल आधीच आहे, काय करू? आणि आपण Replace the files in the destination दाबून मोकळे होतो. नाव एक म्हणजे फोटो एक, हे गृहीत धरलेलं असतं. पण बरेच कॅमेरे आणि आयफोन फोटोंना नुसता क्रमांक देतात. IMG_0457 नावाचा फोटो लेकीच्या फोनवर आजींचा असेल आणि जावयाच्या फोनवर गाडीच्या नंबरप्लेटचा. शिवाय कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा एकपासून सुरू होतो, त्यामुळे एकाच कॅमेऱ्यातही एका नावाचे दोन वेगळे फोटो निघतात. एकावर दुसरा लिहिला गेला की पहिला रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. म्हणून गोळा करताना काहीच एकमेकांत मिसळू नये. ‘आईचा फोन २०२१’, ‘जुना लॅपटॉप’, ‘पेन ड्राइव्ह’ अशी जिथून आलं त्या नावाची वेगळी फोल्डर करून सगळं जसंच्या तसं त्यांत ठेवावं. ते झालं की संपूर्ण साठ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, तिची वायर काढावी आणि काम पूर्ण होईपर्यंत ती कपाटात राहू द्यावी. दुसरी डिस्क नसेल तर ती मिळेपर्यंत हे काम सुरूच करू नये, असं माझं मत आहे.

आता शोधायला सुरुवात. संगणकासाठी Czkawka नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. असे इतरही आहेत, पण बहुतेकांत शोधण्याच्या दोन पद्धती असतात आणि त्यांतला फरक समजला की निम्मा धोका टळतो.

पहिली पद्धत हुबेहूब प्रती शोधण्याची. प्रोग्राम फोटोकडे फोटो म्हणून बघतच नाही. फाइलमधला एकूण एक बाइट वाचून तो त्यावरून एक लांब आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात. दोन फाइलींचा हॅश एक आला तर त्या अक्षरशः एकच आहेत, नावं काहीही असोत. एका ठिपक्याचा रंग इकडचा तिकडे झाला तरी हॅश पूर्ण बदलतो. या यादीतल्या दोन फाइलींमधली कोणतीही एक ठेवली तरी चित्रात काडीचाही फरक पडत नाही, म्हणून इथे यंत्रावर विश्वास टाकायला हरकत नाही. ज्यांचा एकच फोन तीनदा उतरवून घेतलेला आहे, अशा घरांत डिस्कवरचा मोठा पसारा या पहिल्या फेरीतच निघून जातो.

या फेरीत एक सोय जरूर वापरावी. जे फोल्डर तुमचं मुख्य आहे, म्हणजे ज्यात फोटो नीट तारखेवार लावलेले आहेत, त्याला प्रोग्राममध्ये ‘रेफरन्स’ म्हणून खूण करता येते. मग त्यातल्या फाइलींना हात लागत नाही, फक्त इतर ठिकाणच्या जादा प्रती काढायला मिळतात. हे केलं नाही तर प्रोग्राम आपल्या मर्जीने एक प्रत इथली उडवतो, एक तिथली, आणि समारंभाचे फोटो चार फोल्डरांत विखरून पडतात. ते हरवत नाहीत, पण सापडतही नाहीत.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आपल्या उदाहरणात लेकीने काढलेला ओवाळणीचा फोटो आहे, IMG_20190317_112408.jpg. तो ‘जुना लॅपटॉप’मध्ये आहे आणि ‘पेन ड्राइव्ह’मध्येही आहे. दोन्हीकडे नाव तेच, आकारही बाइटपर्यंत तोच, ४.१ एमबी. तरीही हुबेहूब प्रतींच्या यादीत ही जोडी आली नाही. प्रोग्राम चुकला असं वाटून माणूस त्यातला एक हातानेच उडवतो. पण प्रोग्राम बरोबर होता. नाव आणि आकार एक असून हॅश वेगळा असेल, तर दोन्हींपैकी एक फाइल खराब झाल्याची शंका घ्यायला हवी. कॉपी चालू असताना पेन ड्राइव्ह उपटला गेला की असं होऊ शकतं. फाइलची पूर्ण जागा अडवलेली असते, पण शेवटच्या भागात माहिती उतरलेलीच नसते. उघडून पाहिलं तर वर आजी आणि निरांजनाचं ताट, आणि अर्ध्याखाली सपाट करडा पट्टा. फोल्डरमधलं छोटं चित्र मात्र छान दिसतं, कारण फोनच्या फोटोत सुरुवातीलाच एक लहानशी झलक वेगळी साठवलेली असते आणि फोल्डर बऱ्याचदा तीच दाखवतं. म्हणून नियम असा की, जो ठेवणार आहात तो फोटो पूर्ण आकारात उघडून, खाली कोपऱ्यापर्यंत पाहायचा. जो काढणार आहात तो नाही पाहिला तरी चालेल. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

दुसरी पद्धत सारखे दिसणारे फोटो शोधण्याची, आणि खरे अपघात इथेच होतात. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो आपल्याला एकच दिसतात, पण फाइल म्हणून त्यांच्यात काहीच समान नसतं, त्यामुळे हॅश उपयोगाचा नाही. इथे प्रोग्राम चित्र लहान करून पाहतो. याच्या एका प्रचलित प्रकारात फोटोतले रंग काढून तो नऊ आडव्या आणि आठ उभ्या चौकोनांइतका आवळला जातो, म्हणजे अख्ख्या मांडवाचे ७२ करडे ठिपके होतात. मग प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारतात: तू तुझ्या उजवीकडच्यापेक्षा उजळ आहेस की गडद? अशी ६४ हो-नाही उत्तरं म्हणजे त्या फोटोचा ठसा. दोन फोटोंच्या ठशांत चार-पाच उत्तरंच वेगळी असली तर प्रोग्राम म्हणतो की हे सारखे.

युक्ती सुंदर आहे. फोटो लहान केला, दाबला, थोडा उजळ केला तरी ठसा फारसा बदलत नाही. पण तिची मर्यादाही त्या ७२ ठिपक्यांतच आहे. आजींनी डोळे मिटले की उघडले, त्या हसल्या की खाली पाहत होत्या, हे एवढ्या ठिपक्यांत मावत नाही. एकामागोमाग काढलेले दोन फोटो या पद्धतीला एकच वाटू शकतात. उलट, कुणी फोटोतल्या फक्त आजींचा चेहरा कापून ठेवला असेल तर तो मूळ फोटोशी जुळणारही नाही.

त्या रविवारच्या ओवाळणीच्या फोटोचा गट पडद्यावर आला तो असा. एक मूळ फोटो, ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, ४.१ एमबी. एक IMG-20190318-WA0014.jpg, १२८० बाय ९६०, जेमतेम दीडशे केबी. एक स्क्रीनशॉट, Screenshot_20190401-210533.png, २.६ एमबी. आणि एक मूळ फोटोच लॅपटॉपवर उजळ करून पुन्हा सेव्ह केलेला, ४००० बाय ३०००, पण आकार ६.३ एमबी.

‘सगळ्यांत मोठी फाइल ठेवा’ हा पर्याय इथे दाबला तर राहतो तो उजळ केलेला. फाइल मोठी झाली ती तपशील वाढला म्हणून नाही, तर सेव्ह करताना दाबायचं प्रमाण कमी ठेवलं म्हणून. उजळ करताना आजींच्या पांढऱ्या केसांतला जो तपशील जळून गेला, तो आता परत येत नाही. मूळ हातात नसता आणि निवड फक्त स्क्रीनशॉट व व्हॉट्सॲपच्या प्रतीत असती, तर हाच नियम स्क्रीनशॉटच्या बाजूने गेला असता, कारण पीएनजी प्रकारची फाइल जड असते. प्रत्यक्षात त्यात निम्मा भाग फोनच्या काळ्या पट्ट्यांचा आणि वरच्या घड्याळाचा. आयफोनच्या घरांत याची दुसरी तऱ्हा दिसते. आयफोनचा मूळ HEIC फोटो आकाराने लहान असतो आणि त्याचा जेपीजी केला की तो बऱ्याचदा मोठा होतो. मोठा ठेवायचा म्हटलं की मूळच जातो.

मग मूळ ओळखायचा कसा? फाइलचे किती एमबी हे विसरून आधी ठिपक्यांची लांबी-रुंदी पाहावी. त्यानंतर फोटोच्या पोटातली माहिती. कॅमेरा प्रत्येक फोटोत काढल्याची तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि कधी कधी ठिकाणही लिहून ठेवतो. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून Properties आणि मग Details पाहिलं की ते दिसतं. Date taken आणि Camera model या ओळी भरलेल्या असल्या आणि लांबी-रुंदी त्या फोनच्या कॅमेऱ्याइतकीच असली, तर फोटो मूळ असण्याची शक्यता फार मोठी. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना ही माहिती काढून टाकतं, त्यामुळे तिथल्या प्रतीत या ओळी रिकाम्या असतात. तिच्या नावातली तारीखही फोटो काढल्याची नसते, मिळाल्याची असते. आजोबांचा १९७२ सालचा स्कॅन केलेला फोटो कुणी २०२१ मध्ये पाठवला, तर त्याच्या नावात २०२१ च दिसेल. फाइलची Date modified तर पूर्ण दुर्लक्ष करण्याजोगी, कारण फोटो एडिट केला, डाउनलोड केला, एका जागेहून दुसऱ्या जागी नेला, की ती बदललेली असू शकते.

आता भाच्याच्या फोटोकडे येऊ. त्याच ओवाळणीचा, लेकीपासून हातभर बाजूला उभं राहून काढलेला. त्याची घरी एकच प्रत आहे, व्हॉट्सॲपची, १२८० बाय ९६०. आजी त्यात मान वर करून खळखळून हसतायत. लेकीच्या ४००० बाय ३००० च्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. शोधण्याची पट्टी थोडी सैल ठेवली की हे दोन्ही एका गटात येतात. मग प्रोग्राम लेकीचा फोटो ‘चांगला’ म्हणून राखतो, भाच्याच्या फोटोवर खूण करतो. लांबी-रुंदी पाहा, कॅमेऱ्याची माहिती पाहा, सगळे निकष लेकीच्या फोटोच्या बाजूने. तरीही उडवायचा नाही तो भाच्याचाच. तो डुप्लिकेट नाहीच, तो वेगळ्या क्षणाचा वेगळा फोटो आहे. १२८० ठिपक्यांचा फोटो सहा बाय चार इंचांवर ठीकठाक छापून येतो. भिंतीवरच्या अठरा बाय बारा इंचांच्या फ्रेमसाठी तो अपुरा पडेल, चेहऱ्यांच्या कडा फुटलेल्या दिसतील. पण हसणाऱ्या आजींचा लहान फोटो आणि डोळे मिटलेल्या आजींचा मोठा फोटो यांत घरचं माणूस कोणता निवडेल, हे सांगायला नको.

म्हणून सारख्या दिसणाऱ्यांची फेरी माणसाने गटागटाने करायची असते, आणि ‘सगळ्यांवर खूण करा’ हे बटण या फेरीत निषिद्ध मानावं. प्रोग्राममध्ये सारखेपणाची पट्टी आधी सर्वांत कडक ठेवावी. त्यात जे गट येतात ते बहुतांशी खरे डुप्लिकेट असतात. मग एकेक पायरी सैल करत जावं. ज्या पायरीला गटांत वेगवेगळ्या क्षणांचे फोटो दिसू लागतात, तिथे थांबावं. कंटाळा आला तरी थांबावं. उरलेल्या फोटोंनी जागा थोडी जास्त खाल्ली तर फार बिघडत नाही. माणसं दमल्यावर रात्री बारा वाजता जे डिलीट करतात, त्याचा पश्चात्ताप मी जास्त पाहिला आहे.

काढलेले फोटोही लगेच पुसू नयेत. ‘काढलेले’ नावाचं एक फोल्डर करून त्यात हलवावेत. प्रोग्राममध्ये डिलीटबरोबर हलवायचीही सोय असते. विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते, तेव्हा तिथे तर हे फोल्डर हवंच. दिवाळीपर्यंत, कुणाच्या वाढदिवसापर्यंत ते तसंच राहू द्यावं. जुने फोटो अशाच दिवशी शोधले जातात, आणि एखादा जागेवर नाही हे तेव्हाच कळतं.

इथवर हार्ड डिस्कचं झालं. फोनवर हेच काम करताना आणखी एक गोष्ट मध्ये येते, ती म्हणजे गूगल फोटोज किंवा आयक्लाउड. अनेकांना वाटतं की फोटो ‘वर’ आहेत, मग फोनमधले उडवले तर काय झालं. पण बॅकअप चालू असताना गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो आणि वरूनही जातो. आयक्लाउडवर ठेवलेले फोटो एका आयफोनवरून पुसले की त्याच खात्याच्या आयपॅडवरूनही पुसले जातात. या सेवा सगळीकडे एकच चित्र ठेवतात, आणि तुम्ही पुसलं की सगळीकडे पुसतात. फोनमधली जागाच हवी असेल तर गूगल फोटोजमध्ये Free up space हा पर्याय वेगळा आहे. तो बॅकअप झालेल्या फोटोंच्या फक्त फोनमधल्या प्रती काढतो. चूक झालीच, तर गूगलच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयफोनच्या Recently Deleted मध्ये साधारण ३० दिवस. आयफोनवर आयओएस १६ पासून Duplicates नावाचा अल्बमही आहे. त्यातलं Merge बटण चांगल्या दर्जाची प्रत आणि तारीख-ठिकाणाची माहिती एकत्र राखतं. पण तिथेही प्रत्येक जोडी उघडून पाहावी.

शेअर्ड अल्बमची गोष्ट त्याहून फसवी. समारंभाचा अल्बम कुणीतरी केला, सगळ्यांनी त्यात फोटो टाकले, आणि ते आपल्याला दिसतात म्हणून आपण आपल्याकडच्या प्रती काढल्या. पण गूगल फोटोजमध्ये दुसऱ्याने टाकलेला फोटो तुम्ही आपल्या लायब्ररीत सेव्ह केलेला नसेल तर तो त्याचाच असतो. त्याने त्याच्या खात्यात आवराआवर केली की तुमच्यासमोरूनही तो जातो.

शेवटी एक काम, जे खरं तर डिलीट सुरू करण्याआधीच करावं. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले घरचे जे फोटो तुमच्याकडे फक्त तिथेच आहेत, ते वेगळे काढा आणि ज्याने काढले त्याला आज मेसेज करा. त्याच्या जुन्या फोनमध्ये, लॅपटॉपवर किंवा गूगल खात्यात मूळ अजून असू शकतो. सापडला तर फोटो म्हणून नव्हे, व्हॉट्सॲपमध्ये पिनच्या खुणेवर जाऊन Document म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की फाइल दाबली जात नाही, तारीखही शाबूत राहते. आणि तो फोन एक्स्चेंजला देणार असेल, तर त्याआधी त्याला गाठा.